दुखत नाही, पण उठवत नाही

पंचेचाळिशीचा एक माणूस आहे. गेली वीस वर्षं रोज रात्री दोन क्वार्टर घेतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के असं लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने त्याच्या शरीरात रोज सुमारे 120 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. अलीकडे जेवून जमिनीवरून उठताना तो हात टेकतो. भारतीय पद्धतीच्या संडासात बसल्यावर नळाला धरून उभा राहतो. एसटीची पायरी चढताना आधी दांड्याला हात घालतो. विचारलं तर म्हणतो, ‘वय झालं, दुसरं काय.’ पाय दुखतात का, यावर त्याचं उत्तर ‘नाही’ असंच असतं, आणि तो खरं बोलत असतो.

दारूमुळे होणाऱ्या स्नायूंच्या जुनाट आजारात, म्हणजे अल्कोहोलिक मायोपॅथीत, हीच मोठी फसगत आहे. दुखत नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. झीज बहुतेकदा खुब्याच्या आणि खांद्याच्या भोवतालच्या स्नायूंत होते. म्हणून चालणं बरेच दिवस ठीक राहतं, पण बैठकीतून उठणं, जिना चढणं, माळ्यावरचा डबा काढणं जड जाऊ लागतं. पटकन जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात. स्नायूंतली प्रथिनं रोज थोडी तुटतात आणि रोज नव्याने बांधली जातात. अल्कोहोल आणि त्यापासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड नेमकी ही बांधणी मंदावतं. अशी झीज वर्षानुवर्षं साठत जाते.

‘नीट खात नाही म्हणून अशक्तपणा आलाय’ असं घरचे म्हणतात. उपासमारीने आजार बळावतो हे खरं, पण पोटभर खाणाराही त्यातून सुटत नाही. 1989 साली बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी दारूचं व्यसन असलेल्या 50 पुरुषांची तपासणी केली. जवळपास निम्म्यांच्या स्नायूंत आजाराच्या खुणा होत्या, आणि आयुष्यभरात ज्याने जितकी जास्त दारू प्यायली होती, तितकी त्याची ताकद कमी भरली.

श्रमाने अंग आंबतं, त्याची रीत वेगळी असते. बऱ्याच दिवसांनी शेतात राबलं किंवा गड चढून आलं, की दुसऱ्या दिवशी मांड्या दुखू लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात ओसरतं. ज्या स्नायूंनी काम केलं तेच दुखतात, आणि कशाने दुखतंय हे आपल्याला सांगता येतं. मायोपॅथीच्या कमजोरीला असं कारण सापडत नाही. ती सहसा दोन्ही बाजूंना सारखी असते, विश्रांतीने जात नाही आणि महिन्यागणिक वाढते.

रात्री पोटरीत गोळे येणं हे मात्र दारू पिणाऱ्यांत नेहमीचं. बऱ्याचदा त्यामागे मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची घट असते. दारूने लघवीवाटे मॅग्नेशियम जास्त जातं, आणि मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम भरून काढणंही अवघड होतं. लिव्हर सिऱ्हॉसिस झालेल्यांनाही गोळे खूप येतात. तळपायांना मुंग्या, जळजळ किंवा बधिरपणा असेल तर नसांनाही इजा झालेली असू शकते. ती कमजोरी पावलांपासून वर चढते, तर मायोपॅथीची मांड्यांत सुरू होते. एकाच माणसात दोन्हीही असू शकतात.

तपासणीतही एक चकवा आहे. स्नायूंना इजा झाली की रक्तातलं सीपीके वाढतं, पण जुनाट मायोपॅथीत ते बरेचदा नॉर्मल येतं. रिपोर्ट पाहून घरचे निश्चिंत होतात. त्यापेक्षा हात छातीशी धरून खुर्चीतून उठायला सांगणारा डॉक्टर अधिक लवकर सावध होतो. थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्या यांनीही अशी कमजोरी येते. म्हणून तीही कारणं तपासावी लागतात, आणि त्यासाठी किती पितो हे डॉक्टरला खरं सांगावं लागतं.

याच आजाराचं दुसरं रूप एकाएकी येतं. दोन-तीन दिवस सलग बेसुमार पिणं झालं की स्नायू सुजतात, हात लावू देत नाहीत, आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तुटलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरतं आणि ती निकामी होऊ शकतात. इथे सीपीके प्रचंड वाढलेलं असतं. अशा वेळी मालीश, शेक किंवा वेदनाशामक गोळ्यांत वेळ घालवू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या त्या माणसाची ताकद परत येऊ शकते. दारू थांबली तर काही महिन्यांत उठणं-बसणं सुधारू लागतं. सुधारणा वर्षभर चालू राहते, पण फार वर्षं पिणाऱ्याची ती पुरती भरून येईलच असं नाही. मात्र रोज इतकी पिणाऱ्याने घरच्या घरी एका दिवसात दारू बंद करणं धोक्याचं आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन देऊन दारूपासून सोडवावं लागतं.