जाड फॉन्ट घेतला तरी नंबर दिसत नाही, असं का? जर्सीवरच्या आकड्यांचा साधा हिशेब

बेळगाव : दिवाळी झाली की स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि त्याआधी पंधरा दिवस जर्सी छापणाऱ्या दुकानांत मंडळांच्या पोरांची गर्दी असते. रंग ठरतो, पुरस्कर्त्याचं नाव कुठं घालायचं यावर वाद होतो, आणि नंबरची वेळ आली की एकच वाक्य ऐकू येतं, "जाड फॉन्ट टाका, लांबून दिसला पाहिजे." ऑपरेटर यादीतला सगळ्यात जाड फॉन्ट लावतो, स्क्रीनवर नंबर झकास दिसतो आणि ऑर्डर जाते. सामन्याच्या दिवशी मात्र माईकवरचा निवेदक 6 नंबरच्या गोलचं श्रेय 8 नंबरला देऊन मोकळा होतो. पिवळं कार्ड कुणाला दिलं हे लिहून घेणारा टेबलावरून ओरडून विचारतो. पैसे तर गेलेले असतात, कारण छापलेली जर्सी परत घेत नाहीत.

चूक निवेदकाच्या डोळ्यांची नसते. लांबून आकडा ओळखताना आपण त्यातला रंगवलेला भाग बघतो असं वाटतं. प्रत्यक्षात ओळख पटते ती आकड्यातल्या मोकळ्या जागेवरून. 8 ला दोन बंद पोटं असतात. 6 चं वरचं पोट उजवीकडून उघडं, 9 चं खालचं पोट डावीकडून उघडं, आणि 3 ची दोन्ही पोटं डावीकडून उघडी. या चारही आकड्यांची बाहेरची आकृती जवळपास सारखीच. फरक आहे तो त्या फटींमध्ये. फट बुजली की चौघांचाही एकच गठ्ठा दिसतो. आकडा जाड करत गेलं की जाडी आतल्या बाजूलाही वाढते आणि सगळ्यात आधी फटच मरते.

किती फट हवी, हे डोळ्यांच्या दवाखान्यातल्या तक्त्यावरून काढता येतं. चांगली नजर म्हणजे 6/6. त्या ओळीतलं अक्षर 6 मीटरवरून वाचायचं असतं. त्याची उंची साधारण 8.7 मिलीमीटर असते आणि ते पाच सारख्या भागांत बसवलेलं असतं. इंग्रजी E डोळ्यांपुढं आणा, तीन आडव्या पट्ट्या आणि मधे दोन फटी. एक भाग पावणेदोन मिलीमीटरचा. म्हणजे निरोगी डोळ्याला 6 मीटरवरून पावणेदोन मिलीमीटरची फट जेमतेम दिसते. अंतर जेवढ्या पटीत वाढेल, तेवढ्याच पटीत फटही वाढायला हवी.

आता फुटबॉलचं मैदान घ्या. प्रेक्षक एका बाजूच्या रेषेच्या थोडा मागं उभा आहे आणि पलीकडच्या बाजूनं विंगर पळतोय. अंतर 75 मीटर धरू. हे 6 मीटरच्या साडेबारा पट झालं. म्हणजे फट किमान 22 मिलीमीटर, सव्वादोन सेंटीमीटरच्या आसपास हवी. हा आकडा स्थिर तक्ता, चांगला उजेड आणि चांगली नजर धरून आहे. इथं खेळाडू पळतोय, जर्सीला घड्या पडल्यात, समोर धूळ आहे. तेव्हा त्याच्या दुप्पट, साडेचार सेंटीमीटर धरली तर बरं.

पाठीवरचा नंबर 25 सेंटीमीटर उंच घेऊ. फिफाच्या स्पर्धांमध्ये पाठीवरच्या आकड्याची उंची 25 ते 35 सेंटीमीटर ठेवतात, त्यातलं हे खालचं माप. या 25 चे पाच सारखे भाग केले तर तीन पट्ट्या 5 सेंटीमीटरच्या आणि दोन फटी 5 सेंटीमीटरच्या. आपल्याला साडेचार हव्या होत्या, म्हणजे काम झालं. पट्टीही चांगली दणकट दिसते.

याच उंचीत "अजून जाड" केलं की काय होतं ते बघा. पट्टी 6 सेंटीमीटरची केली तर तीन पट्ट्यांनीच 18 सेंटीमीटर खाल्ले. उरले 7, म्हणजे प्रत्येक फट साडेतीन. मग कुणीतरी म्हणतं, सोनेरी बॉर्डर टाका. सहा मिलीमीटरची बॉर्डर सगळीकडून फिरली की ती पोटातही फिरते. वरून सहा, खालून सहा, आणि साडेतीनची फट 2.3 वर येते. आपली किमान मर्यादा 2.2 होती. पट्टी 7 सेंटीमीटरची असेल तर बॉर्डर न घालताच फट 2 वर येते आणि 8 की 6 हे देवाला ठाऊक. बॉर्डर हवीच असेल तर ती आकड्याच्या बाहेरच्या कडेलाच ठेवायला सांगा, पोटातली काढून टाकायची. ऑपरेटरला हे जमतं, फक्त सांगावं लागतं.

उंची आणि जाडी ठरली की आकार बघायचा. यादीतून फॉन्ट निवडताना ABC किंवा खेळाडूचं नाव टाईप करून बघू नका, 3 5 6 8 9 0 एवढंच बघा. 3 ची डावीकडची टोकं आखूड हवीत. ती आत वळून मधल्या पट्टीपर्यंत पोचली की 3 चा 8 होतो. 6 आणि 9 ची शेपटी सरळ किंवा उघडी हवी, पोटाकडं वळलेली नको. कॉलेज जर्सीसारखे कोपरे कापलेले चौकोनी आकडे आपल्याकडं फार चालतात. ते दिसायला रुबाबदार असतात, पण त्यातले बरेच फॉन्ट 0, 6 आणि 8 ला एकाच साच्यातून काढतात. 1 ला वर मोठा झेंडा असेल तर तो लांबून 7 वाटतो.

दोन आकडी नंबरात आणखी एक गोम आहे. 25 सेंटीमीटर उंचीचे दोन आकडे, प्रत्येकी 12 सेंटीमीटर रुंद, मधे 3 सेंटीमीटर जागा, मिळून 27 सेंटीमीटर झाले. मोठ्यांच्या जर्सीवर हे बसतं. शाळेच्या पोरांच्या जर्सीवर बसत नाही, मग ऑपरेटर माऊसनं आकडा बाजूनं दाबून अरुंद करतो. तसं केलं की उभ्या पट्ट्या बारीक होतात, आडव्या तशाच जाड राहतात आणि पोट चिंचोळं होतं. त्यापेक्षा आकडा सगळ्या बाजूंनी सारखा लहान करावा, किंवा मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्यावा. लहान संघ असेल तर 1 ते 16 मध्येच नंबर वाटावेत, हा सगळ्यात स्वस्त उपाय. 88 आणि 99 चा हट्ट मात्र कुणी सोडत नाही.

रंगाचं सांगायचं तर आपल्या भागात भगव्या जर्सीवर पांढरा नंबर सर्रास दिसतो. भगवा आणि पांढरा हे वेगळे रंग आहेत, पण उजळपणात दोन्ही जवळ जवळ आहेत आणि लांबून डोळा उजळपणातला फरकच आधी पकडतो. दुपारच्या उन्हात पांढरा नंबर भगव्यात विरघळतो. भगव्यावर काळा किंवा गडद निळा नंबर कितीतरी ठसठशीत दिसतो. उलट गडद निळ्यावर लाल नंबर घेतला तर दोन्ही काळपट दिसतात. हे तपासायला मोबाईल पुरतो. डिझाईनचा फोटो ब्लॅक अँड व्हाईट करा, त्यात नंबर उठून दिसला नाही तर मैदानातही दिसणार नाही.

गडद जर्सीवरचा पांढरा आकडा डोळ्याला आहे त्यापेक्षा जाड भासतो, फ्लडलाईटमध्ये तर जास्तच. तिथं पट्टी थोडी बारीक करायला हरकत नाही. 25 सेंटीमीटरच्या आकड्यात पट्टी साडेचार ठेवली तर फट पावणेसहा मिळते. चकचकीत सोनेरी किंवा चंदेरी व्हिनाईल रात्रीच्या सामन्यात टाळावं, लाईट परावर्तित होऊन आकड्याचा अर्धा भाग नुसता चमकतो. आणि सब्लिमेशनमध्ये काहीही छापता येतं म्हणून पाठीवर गडकिल्ल्याचं चित्र घेतात, त्यावरच नंबर बसवतात. चित्र ठेवा, पण नंबरच्या मागं एकाच रंगाचा सपाट पट्टा असू द्या.

नाव देवनागरीत हवं असेल तर हिशेब बदलतो. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळं 7 सेंटीमीटरच्या ओळीत मूळ अक्षराच्या वाट्याला 4 सेंटीमीटरच्या आसपास येतात. त्यातल्या फटी सेंटीमीटरभरही नसतात. म्हणजे नाव 20-25 मीटरपर्यंत वाचता येईल, त्यापुढं नंबरवरच भागवायचं. फार जाड फॉन्टमध्ये शिरोरेषाही फुगते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या तुटकपणावर असतो, तो बुजला की 'धाडी'चा 'घाडी' होतो. मुक्ता किंवा बलू या मोफत मिळणाऱ्या फॉन्टांत मध्यम जाडीपासून पुढच्या बऱ्याच पायऱ्या आहेत. त्यातली सगळ्यात शेवटची न घेता तिच्या अलीकडची घ्यावी. इंग्रजी नावात अक्षरांमधली जागा वाढवली तर फायदा होतो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते.

नंबर देवनागरीत घ्यायचा का, असंही काही मंडळं विचारतात. १ आणि ९ लांबून सारखे दिसतात, ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले. शिवाय पंचांची यादी बहुतेक इंग्रजी आकड्यांत असते.

फाईल देताना नाव टाईप करून पाठवलं आणि दुकानातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडं जाते. कोरलड्रॉमध्ये नाव सिलेक्ट करून Ctrl+Q दाबलं की अक्षरांची रेखाचित्रं होतात, मग ती कुठंही तशीच उघडतात. त्याआधी प्रत्येक नाव मोठ्यानं वाचून घ्या, नंतर दुरुस्ती टाईप करून होत नाही.

ऑर्डर पक्की करण्याआधीची परीक्षा फुकटात होते. 25 सेंटीमीटर 75 मीटरवर जेवढं दिसतं, तेवढंच 1 सेंटीमीटर 3 मीटरवर दिसतं. निवडलेल्या फॉन्टमध्ये 36, 38, 66, 68, 89, 90 हे नंबर एक सेंटीमीटर उंचीचे, जर्सीच्याच रंगावर छापून भिंतीला लावा आणि तीन मीटरवरून अशा माणसाला वाचायला लावा ज्यानं ते आधी बघितलेले नाहीत. डिझाईन करणाऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याला उत्तरं पाठ असतात. याहून खात्री हवी असेल तर 25 सेंटीमीटरचा आकडा ए-फोर कागदावर बसतो. दोन कागद जुन्या जर्सीवर चिकटवून एकाला मैदानाच्या पलीकडं पळायला लावा. पहिल्या झटक्यात वाचता आला नाही तर फॉन्टची जाडी एक पायरी कमी करून पुन्हा बघा.