विंग कमांडरसाठी १९९० सालचा संगणक

अमेरिकेतल्या ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीने १९९० साली ‘विंग कमांडर’ हा गेम बाजारात आणला. मांजरासारख्या तोंडाचे किलराथी शत्रू, टायगर्स क्लॉ नावाचं अवाढव्य युद्धजहाज आणि लढाऊ यानाच्या कॉकपिटमध्ये बसलेला खेळाडू. त्या काळी हा गेम बघून लोकांनी नवे संगणक घेतले. आज मात्र त्याची WC.EXE ही फाइल ६४-बिट विंडोजवर उघडायला गेलं, तर हा प्रोग्राम तुमच्या पीसीवर चालणार नाही, एवढंच उत्तर मिळतं. सोळा-बिटी डॉस प्रोग्राम चालवण्याची सोयच त्या विंडोजमध्ये ठेवलेली नाही.

इथे डॉसबॉक्स कामाला येतो. २००२ साली पहिल्यांदा आलेला हा मोफत प्रोग्राम म्हणजे एक अख्खा जुना संगणक आहे, फक्त सॉफ्टवेअरने बनवलेला. त्यात प्रोसेसर आहे, ग्राफिक्स कार्ड आहे, साउंड कार्ड आहे, मेमरी आहे आणि स्वतःचं डॉसही आहे. तो उघडला की काळ्या पडद्यावर `Z:\>` असं दिसतं आणि बरेच जण तिथेच अडतात. कारण संगणक तयार असला, तरी त्यात हार्ड डिस्क नाही. ती आपणच जोडायची असते.

समजा, आपल्या खऱ्या संगणकावर `c:\dosgames` नावाचं फोल्डर आहे आणि त्यात `wc` या उपफोल्डरमध्ये गेम ठेवलाय. मग डॉसबॉक्समध्ये हे टाइप करायचं:

```
mount c c:\dosgames
c:
cd wc
wc
```

पहिल्या ओळीने ते फोल्डर डॉसबॉक्सच्या आतला C ड्राइव्ह होतं. गेमला त्यापलीकडचं काहीच दिसत नाही. मात्र त्या फोल्डरात त्याला पूर्ण मोकळीक असते. सेव्ह केलेले डाव तिथेच खऱ्या फाइली म्हणून जमा होतात आणि एखाद्या प्रोग्रामने काही पुसलं, तर तेही खरोखरच पुसलं जातं. म्हणून अख्खा `c:\` कधी जोडू नये. तसं केल्यास डॉसबॉक्स स्वतःच इशारा देतो. फोल्डरचं नावही आखूड, आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवलेलं बरं. डॉसला त्याहून लांब नाव कळत नाही, त्यामुळे ‘Wing Commander’ हे फोल्डर आत गेल्यावर `WINGCO~1` होऊन बसतं. आणखी एक हमखास चकवा म्हणजे, डॉसबॉक्स चालू असताना बाहेरून फोल्डरात नवी फाइल टाकली, तर ती आत लगेच दिसतेच असं नाही. कंट्रोल आणि F4 एकत्र दाबलं की यादी ताजी होते.

गेम सुरू झाला. आता वेगाचा प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे.

विंग कमांडर पडद्यावर एक चित्र काढून झालं की लगेच पुढचं काढायला घेतो. मध्ये घड्याळ बघून थांबणं त्याला ठाऊक नाही. ज्या यंत्रांवर तो लिहिला गेला, त्यांचा संथपणाच त्याचा वेग ठरवत होता. काही वर्षांतच ४८६ प्रोसेसर आले आणि त्यांच्यावर शत्रूची यानं माशीसारखी भिरभिरू लागली. नेम धरेपर्यंत लढाई संपलेली असायची. नव्वदच्या दशकातल्या संगणकांच्या डब्यावर ‘टर्बो’ असं लिहिलेलं एक बटण असे. नाव वेगाचं असलं, तरी त्याचा खरा उपयोग ते बंद करून संगणक मुद्दाम मंद करण्यासाठी होता, तो अशाच प्रोग्रामांपायी.

डॉसबॉक्समध्ये या बटणाच्या जागी ‘सायकल्स’ नावाचा आकडा आहे. एका मिलिसेकंदात नकली प्रोसेसरने किती सूचना पार पाडायच्या, ते हा आकडा सांगतो. ३००० सायकल्स म्हणजे सेकंदाला साधारण तीस लाख सूचना, म्हणजे २८६ किंवा संथ ३८६च्या आसपासचा संगणक. त्याचं मेगाहर्ट्झमध्ये थेट रूपांतर करण्याच्या भानगडीत पडू नये. खरे प्रोसेसर एकेका सूचनेला वेगवेगळा वेळ घेत, डॉसबॉक्स तो भेद करत नाही. चालू आकडा खिडकीच्या वरच्या पट्टीवर दिसतो. कंट्रोल-F12 दाबलं की तो दहा टक्क्यांनी वाढतो, ३००० चे ३३०० होतात. कंट्रोल-F11 दाबलं की वीस टक्क्यांनी घटतो, ३००० चे २४००.

मूळ सेटिंग `auto` असं असतं. त्यात जुन्या पद्धतीच्या, रिअल मोडमधल्या गेमला ३००० सायकल्स मिळतात आणि ‘डूम’सारखा गेम प्रोसेसरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरला की जेवढी मिळेल तेवढी ताकद दिली जाते. विंग कमांडर पहिल्या गटात मोडतो. ३००० वर तो चालतो, पण चार-पाच यानं एकाच वेळी समोर आली की चित्र अडखळतं. अशा वेळी एकेक पायरी वर जावं आणि प्रत्येक पायरीला यान पूर्ण वळवून बघावं. तारे सरकताना धक्के बसत असतील, तर अजून थोडं वर; शत्रूचं यान नजरेने धरताच येत नसेल, तर खाली. चार हजारांच्या आसपास बहुतेकांचं जमतं. एकच अचूक आकडा मात्र मिळणार नाही, कारण रिकाम्या आकाशात आणि गर्दीच्या लढाईत गेमची भूक सारखी नसते. १९९० साली खऱ्या संगणकावरही हेच व्हायचं.

उलट टोकाला, सायकल्स वाढवत वाढवत आपल्या खऱ्या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेर नेले, तर गेम वेगवान होण्याऐवजी रखडतो आणि आवाज तुटक येऊ लागतो. आवाज फाटला की बरेच जण साउंडच्या सेटिंगमध्ये खटपट करत बसतात, पण आधी हा आकडा खाली आणून बघावा.

साउंडचं खरं दुखणं वेगळं असतं आणि ते डूममध्ये चांगलं दिसतं. १९९३ च्या या गेमबरोबर SETUP.EXE नावाची फाइल येते. ती विचारते, कार्ड कोणतं? पत्ता कोणता? आयआरक्यू किती? डीएमए किती? आजच्या वाचकाला हे प्रश्न पोलिसी चौकशीसारखे वाटतील, पण त्या काळी कार्ड कुठे बसवलंय हे गेमला माणसानेच सांगावं लागे. डॉसबॉक्समध्ये साउंड ब्लास्टर १६ हे कार्ड बसवलेलं असतं; त्याचा पत्ता २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १. हेच तीन आकडे सेटअपमध्ये भरायचे.

चुकलं तर ते कसं ओळखायचं? साउंड ब्लास्टरवर दोन वेगळी यंत्रं नांदतात. संगीत वाजवणारी एफएम चिप फक्त पत्त्यावर चालते, तिला बाकी दोन आकड्यांची गरज नाही. बंदुकीचा बार, राक्षसाची डरकाळी हे मुद्रित आवाज मात्र डीएमए वाहिनीने मेमरीतून उचलले जातात आणि एक तुकडा वाजून संपला की कार्ड आयआरक्यूच्या तारेवरून प्रोसेसरला ‘पुढचा द्या’ असं कळवतं. म्हणून संगीत झकास वाजतंय पण बंदूक मुकी आहे, किंवा आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा घुमतोय, असं झालं की आयआरक्यू किंवा डीएमए चुकलाय असं समजावं. बऱ्याच खऱ्या साउंड ब्लास्टर १६ कार्डांवर आयआरक्यू ५ असे, त्यामुळे जुन्या संगणकावरून जशीच्या तशी उचलून आणलेली गेमची फोल्डरं इथे हटकून अडतात. सेटअप पुन्हा चालवून ५ च्या जागी ७ केलं की काम होतं.

उरली मेमरी. एकेकाळी या विषयाने लोकांचा जीव काढला होता. मूळ पीसीचा प्रोसेसर एका मेगाबाइटपलीकडे बघूच शकत नव्हता आणि त्यातले पहिले ६४० केबी तेवढे प्रोग्रामांच्या वाट्याला येत. हीच कन्व्हेन्शनल मेमरी. पुढे मेमरी स्वस्त झाली, पण डॉस तिथेच राहिलं, म्हणून दोन पळवाटा निघाल्या. ईएमएस म्हणजे एक्सपांडेड मेमरी: पहिल्या मेगाबाइटमध्ये ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि जादा मेमरीचे सोळा-सोळा केबीचे तुकडे आळीपाळीने त्या खिडकीत आणायचे. एक्सएमएस म्हणजे एक्सटेंडेड मेमरी: एका मेगाबाइटच्या वरची जागा, जिथला माल नकल करून खाली आणावा लागतो.

विंग कमांडरला ईएमएस आवडते. ती नसली तरी गेम चालतो, पण असली की कॉकपिटमध्ये वैमानिकाचा हात दिसतो आणि आपण काठी वळवू तसा तो हलतो. डॉसबॉक्समध्ये ईएमएस आधीपासून चालू असते, त्यामुळे तो हात फुकट मिळतो. याच मेमरीवरून एक किस्साही आहे. गेममधून बाहेर पडताना मेमरी सांभाळणाऱ्या प्रोग्रामची चुकीची सूचना पडद्यावर येई आणि दोष काही सापडेना. गेम पाठवायची वेळ तर आलेली. प्रोग्रामर केन डेमारेस्ट यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, शेवटी त्या सूचनेचा मजकूरच बदलून तिथे खेळल्याबद्दल आभार मानणारं वाक्य घालण्यात आलं.

दोनच वर्षांनी त्याच कंपनीने ‘अल्टिमा ७’ काढला आणि त्याची तऱ्हा नेमकी उलटी. त्याने ‘वूडू’ नावाची स्वतःची मेमरी व्यवस्था आणली आणि तिचं ईएमएसच्या व्यवस्थापकाशी जमेना. त्यामुळे लोक त्या एका गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी बाळगत. डॉसबॉक्समध्ये `ems=false` एवढी एक ओळ पुरते.

एक तक्रार मात्र मेमरी कमी पडल्याची नाही, जास्त झाल्याची असते. काही जुने गेम `Packed file is corrupt` म्हणून बंद पडतात. फाइल खराब नसते. त्या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात एक खोट होती: प्रोग्राम मेमरीच्या पहिल्या ६४ केबीत बसला की उलगडताना तो फसतो. त्या काळी डॉसनेच तेवढी जागा खाल्लेली असे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉसबॉक्सचं डॉस आटोपशीर, त्यामुळे गेम फारच खाली जाऊन बसतो. उपाय म्हणजे नावाआधी `loadfix` लिहायचं, उदाहरणार्थ `loadfix game.exe`. ती आज्ञा खालची ६४ केबी जागा अडवून ठेवते.

हे सगळं दर वेळी टाइप करायची गरज नाही. विंडोजच्या स्टार्ट मेनूत डॉसबॉक्सशेजारी ‘Options’ नावाची नोंद असते, तिच्यावर क्लिक केलं की सेटिंगची फाइल उघडते. त्यात विंग कमांडरपुरते बदल असे:

```
[cpu]
cycles=fixed 4000

[dos]
ems=true

[autoexec]
mount c c:\dosgames
c:
cd wc
wc
```

`cycles` आणि `ems` या ओळी फाइलीत आधीपासून असतात, त्या नुसत्या बदलायच्या. `[autoexec]` हा भाग अगदी तळाशी सापडतो. गेम बरेच असतील, तर प्रत्येकासाठी अशी स्वतंत्र फाइल ठेवावी आणि `dosbox -conf` या आज्ञेपुढे तिचं नाव द्यावं. विंग कमांडर आज गॉग या संकेतस्थळावर रीतसर विकत मिळतो आणि तिथे तो डॉसबॉक्ससकटच येतो. गेमच्या फोल्डरात शोधलं तर `.conf` शेपटीच्या फाइली दिसतात. वेग खटकत असेल, तर त्यातलीच `cycles` ही ओळ बदलायची.