आवृत्ती बंद झाली, सिंक मात्र चालूच

ऑनलाइन विक्री करणाऱ्या बऱ्याच दुकानांसाठी मध्यरात्रीनंतर कुठल्यातरी सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम चालतो. दिवसभरातल्या ऑर्डर विक्रीच्या प्लॅटफॉर्मवरून उचलायच्या आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन भरायच्या, एवढंच त्याचं काम. याला सिंक म्हणतात. तो कधीतरी कुणीतरी लिहून दिलेला असतो, आणि चालतोय तोवर त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. प्लॅटफॉर्म मात्र बदलत राहतो. बाहेरच्या प्रोग्रामने माहिती कशी मागायची आणि ती कोणत्या रूपात मिळणार याच्या ठरलेल्या नियमांना एपीआय म्हणतात. त्या नियमांच्याही आवृत्त्या निघतात आणि जुन्या आवृत्त्या बंद होतात.

बंद होण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि सगळी मेख तिथेच आहे. सेल्सफोर्सने 2025 च्या उन्हाळी प्रकाशनाबरोबर आपल्या एपीआयच्या 21.0 ते 30.0 या जुन्या आवृत्त्या बंद केल्या. त्यानंतर त्या आवृत्तीच्या रेस्ट पत्त्यावर गेलेल्या प्रोग्रामला `410 Gone` असं उत्तर मिळतं. सिंक जागच्या जागी थांबतं, सकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं, आरडाओरडा होतो. हा प्रकार त्रासाचा आहे, पण माझ्या मते प्रामाणिक आहे.

शॉपिफायची रीत निराळी आहे. 2019 पासून तिथे दर तिमाहीला नवी आवृत्ती निघते आणि तिचं नाव वर्ष-महिन्यावरून पडतं. प्रोग्राम ज्या पत्त्यावर माहिती मागतो त्या पत्त्यातच ते लिहिलेलं असतं:

```
/admin/api/2025-01/orders.json
```

प्रत्येक आवृत्ती किमान 12 महिने चालते. म्हणजे वरच्या आवृत्तीची मुदत 1 जानेवारी 2026 ला संपते. त्यानंतर याच पत्त्यावर विचारलं तर नकार मिळत नाही. त्या वेळी चालू असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीच्या, म्हणजे 2025-04 च्या, नियमांनी उत्तर येतं. पत्ता जुना, उत्तर नवं. दोन आवृत्त्यांमध्ये तुमच्या कामाचं काही बदललं नसेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. बदललं असेल तर मात्र सिंक चालू राहूनही चुकू शकतं.

हे कसं घडतं ते 2019 सालच्याच एका बदलातून दिसतं. तोवर ऑर्डरची लांब यादी `page=1`, `page=2` अशी पानं मागत वाचता यायची. एका वेळी जास्तीत जास्त 250 नोंदी मिळत. त्या वर्षीच्या पुढच्या आवृत्त्यांत पान क्रमांकाने मागणं बंद झालं. प्रत्येक उत्तरासोबत पुढच्या तुकड्याचा दुवा येऊ लागला. आता जुन्या पद्धतीचा प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. ‘यादी रिकामी आली की काम संपलं’ असं त्याला शिकवलेलं आहे. नव्या नियमांत `page` पाठवलं की `400` ही चूक परत येते आणि त्या उत्तरात ऑर्डरची यादीच नसते. ज्याने घाईघाईत प्रोग्राम लिहिला त्याने चुकीचा क्रमांक तपासलेला नसेल, तर प्रोग्रामला यादी रिकामीच वाटते. तो रात्री नोंद करून मोकळा होतो: शून्य ऑर्डर, काम यशस्वी.

म्हणून अशा सिंकमध्ये पहिला पहारा बसवायचा तो उत्तराच्या शीर्षभागावर. प्रत्यक्षात कोणती आवृत्ती वापरली गेली हे शॉपिफाय प्रत्येक उत्तरात सांगतं:

```
X-Shopify-API-Version: 2025-04
```

मागितली 2025-01 आणि आली 2025-04, असं दिसलं की प्रोग्रामने थांबून निरोप पाठवायला हवा. दोन नावं जुळतात का, एवढंच तपासायचं आहे. तरीही अनेक ठिकाणी ते केलेलं नसतं, कारण प्रोग्राम लिहिला त्या दिवशी ती जुळतच होती. प्लॅटफॉर्मकडून इशाऱ्याचे ईमेलही येतात, पण ते बहुधा काम सोडून गेलेल्या एजन्सीच्या पत्त्यावर पडून असतात. आपल्या दुकानाचे हे इशारे कुणाच्या पत्त्यावर जातात, एवढं मालकाने आजच विचारून घ्यावं.

तारीख पुढची करून भागत असेल तर काम थोडं असतं. पण शॉपिफायने 1 ऑक्टोबर 2024 पासून आपला जुना रेस्ट एपीआयच ‘जुनाट’ ठरवला आहे आणि नवी कामं ग्राफक्यूएल या दुसऱ्या पद्धतीकडे वळवली आहेत. तिकडे जाताना तीच ऑर्डर वेगळ्या वेशात समोर येते. समजा, साड्या विकणाऱ्या एका दुकानाच्या हिशेबात 5912340071 या क्रमांकाची ऑर्डर आधीच नोंदलेली आहे. ग्राफक्यूएलमध्ये तिची ओळख अशी येते:

```
gid://shopify/Order/5912340071
```

हिशेबाच्या सॉफ्टवेअरला या दोन वेगळ्या ऑर्डर वाटतात. त्यामुळे सिंक नव्या पद्धतीने पहिल्यांदा चालतं त्या रात्री हाती लागलेल्या सगळ्या जुन्या ऑर्डर पुन्हा ‘नव्या’ म्हणून भरल्या जातात आणि विक्री फुगते. यावर उपाय सोपा आहे. ग्राफक्यूएलमध्ये `legacyResourceId` या नावाने जुना क्रमांक मिळतो. ओळख पटवायला तोच वापरायचा. बाकीचे फरक बारीक आहेत, पण तेवढेच खोडकर. पैसे मिळाल्याची खूण `paid` होती, ती `PAID` होते. रक्कम `1499.00` अशी यायची, ती `1499.0` अशी येते. अक्षरं म्हणून ताडून पाहिलं तर प्रत्येक ऑर्डर बदलल्यासारखी दिसते. माल न पाठवलेल्या ऑर्डरच्या रकान्यात रेस्टमध्ये काहीच नसायचं, इथे `UNFULFILLED` असं लिहून येतं. ‘रकाना रिकामा म्हणजे माल पाठवायचा बाकी’ असं धरून बनवलेला गोदामाचा अहवाल त्या दिवसापासून कोरा निघतो.

हे फरक कागदपत्रं वाचून सगळे सापडत नाहीत. म्हणून जुनं सिंक चालू ठेवून शेजारी नवंही चालवायचं, पण त्याने आणलेलं हिशेबात न भरता वेगळ्या तक्त्यात ठेवायचं. रोज सकाळी तीन गोष्टी ताडायच्या: ऑर्डरची संख्या, रकमेची बेरीज, आणि एकाच बाजूला सापडलेले क्रमांक. संख्या व बेरीज जुळूनही क्रमांक चुकलेले असू शकतात, तेव्हा तिसरी तपासणी गाळू नये. परतावा दिलेली, रद्द झालेली आणि अर्धाच माल गेलेली अशी प्रत्येकी एक तरी ऑर्डर या काळात येऊन जाईपर्यंत जुनं बंद करू नये. साध्या विक्रीत दोन्ही पद्धती सहज जुळतात. गडबड या तीन ठिकाणी निघते.

आणि उशीर होऊन गेलाच असेल तर? सिंक शेवटी कुठपर्यंत वाचलं त्याची वेळ जपून ठेवतं आणि दुसऱ्या रात्री तिथून पुढे वाचतं. ‘शून्य ऑर्डर, यशस्वी’ असं म्हणणाऱ्या प्रोग्रामने ही वेळही रोज पुढे सरकवलेली असते. त्यामुळे चूक दुरुस्त केल्यावर तो आजपासून नीट चालेल, मधल्या रात्री मात्र कायमच्या गळतील. ही वेळ हाताने मागे न्यावी लागते, ज्या दिवसाचे आकडे खात्रीचे आहेत त्या दिवसापर्यंत. क्रमांकाची ओळख पक्की असेल तर पुन्हा वाचलेल्या ऑर्डर जुन्या नोंदींवरच बसतात, दुप्पट होत नाहीत. पण मागे जायला मर्यादा आहे. ऑर्डर वाचायच्या नेहमीच्या परवानगीत शॉपिफाय फक्त गेल्या 60 दिवसांच्या ऑर्डर दाखवतं. त्याआधीच्या हव्या असतील तर `read_all_orders` ही परवानगी वेगळी मागून घ्यावी लागते. जानेवारीत सुरू झालेली गळती एप्रिलमध्ये लक्षात आली आणि ही परवानगी नसेल, तर प्रोग्राम मागची खिंड भरू शकत नाही, आणि तशी तक्रारही करत नाही. मग दुकानाच्या पडद्यावरून ऑर्डरची फाइल हाताने उतरवायची आणि ती हिशेबात भरायची.

हे काम कोणत्या दिवसांत करू नये हेही दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांनी आधी पाहून घ्यावं. जीएसटीआर-1 ची तारीख 11 असते. महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत सिंक बदललं, तर मागच्या महिन्याचे आकडे लेखापालाच्या हातात असतानाच हलायला लागतात. बदल 12 तारखेनंतर करावा, आणि जुन्या सिंकचा तक्ता पुढचं विवरणपत्र भरून होईपर्यंत पुसू नये.