फोडणीतल्या कॅलरी कशा मोजाव्यात?

वरण, भात, पोळी यांचा हिशोब काटेकोर ठेवणारी माणसंही वरून घातलेल्या फोडणीशी आली की अंदाज बांधतात. ‘फोडणी एक-दोन चमचे’ एवढंच वहीत लिहिलं जातं. ताटातली ही सगळ्यात छोटी गोष्ट असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होतं आणि सगळ्यात मोठी चूकही तिथेच होते.

चौघांसाठी केलेल्या तडका डाळीचं उदाहरण घेऊ. तूरडाळ 150 ग्रॅम. डाळ नेहमी कोरडी असतानाच तोलावी, कारण शिजताना ती पाणी पिते आणि पाण्याला कॅलरी नसतात. एवढ्या डाळीच्या साधारण 500 कॅलरी होतात. आता फोडणी. बाटलीतून सरळ कढल्यात ओतलेलं तेल तोललं तर ते सहज 40 ग्रॅम भरतं. एका ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे 360 कॅलरी. चमचाभर जिरे, दोन ग्रॅम, त्यांच्या आठेक. लसणाच्या सात-आठ पाकळ्या, 20 ग्रॅम, त्यांच्या 30. तीन सुक्या मिरच्यांच्या दहा. हिंग-हळद चिमूटभर, ती सोडून दिली तरी चालेल. एकूण सुमारे 400 कॅलरी झाल्या. त्यांतल्या जवळजवळ नव्वद टक्के एकट्या तेलाच्या आहेत. जिरे, लसूण, मिरची दुप्पट घातली तरी आकडा फारसा हलत नाही. मोजायचं ते तेल.

ते मोजायला चमचा फारसा भरवशाचा नाही. चहाच्या मापाचा 5 मिलीलिटरचा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम तेल, सुमारे 40 कॅलरी. पण घरातले चमचे लहानमोठे असतात. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तेलाची बाटली ठेवावी, काटा शून्यावर आणावा, कढल्यात तेल ओतावं आणि बाटली परत ठेवावी. काटा उणे 40 दाखवत असेल, तर 40 ग्रॅम तेल गेलं. तेलाऐवजी तूप घेतलं तरी हिशोब जवळजवळ तोच राहतो, कारण लोणकढं तूपही बहुतेक सगळं स्निग्धच असतं.

तापवल्याने तेलातल्या कॅलरी कमी होतात, असं काहींना वाटतं. तसं होत नाही. लसूण टाकल्यावर जे बुडबुडे येतात ते लसणातल्या पाण्याच्या वाफेचे. तेल जागच्या जागीच असतं. थोडं तेल लसणात मुरतं, पण लसूणही आपण खातोच. म्हणून ‘तळलेला लसूण’ म्हणून त्याच्या कॅलरी पुन्हा वेगळ्या धरू नयेत. कढल्याला चिकटून राहिलेलं दोन-तीन ग्रॅम तेल तेवढं वजा करता येईल. मात्र कढल्यात पळीभर डाळ घालून ते विसळून घेण्याची आपली पद्धत असेल, तर तेही सोडता येत नाही.

वाढतानाही एक गफलत होते. फोडणी डाळीवर तवंग होऊन तरंगते. न ढवळता वरवरची डाळ ज्याच्या वाटीत पडेल, त्याच्या वाट्याला तेल जास्त येतं. तळापर्यंत ढवळून वाढलं, तरच चार भाग केलेला आकडा खरा. आपल्या उदाहरणात माणशी डाळीच्या 125 आणि फोडणीच्या 100 कॅलरी झाल्या, तेल 10 ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेतल्या 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलेलं आहे. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या डाळीने संपवला. भाजी, पोळी अजून व्हायचीच आहे.

मग फोडणी सोडायची का? मुळीच नाही. जिऱ्याचा गंध आणि मिरचीचा तिखटपणा तेलात चांगला उतरतो. तेलाशिवाय तो डाळभर पसरत नाही. फक्त त्यासाठी 40 ग्रॅम लागत नाही. पसरट कढईत तेल पातळ पसरतं, मसाला कोरडा राहून करपतो, म्हणून हात सैल सुटतो. लहान, खोलगट कढलं घेऊन ते किंचित तिरकं धरलं की 15 ग्रॅम तेलातही लसूण बुडतो. आधी जिरे तडतडू द्यावेत, मग ठेचलेला लसूण घालावा. बुडबुडे मंदावून कडा सोनेरी दिसू लागल्या की आच बंद करावी आणि मिरची शेवटी टाकावी. ती क्षणात काळी पडते आणि कडवटपणा सगळ्या डाळीत उतरतो.

15 ग्रॅम तेलाच्या या फोडणीच्या एकूण कॅलरी 185च्या आसपास, म्हणजे माणशी 46 होतात. जिरे, लसूण, मिरची तेवढीच राहिली आणि कॅलरी निम्म्याहून खाली आल्या. तेव्हा आठवडाभर फक्त तेलाची बाटली काट्यावर ठेवून पाहा. आपल्या घरातली फोडणी नेमकी किती तेलाची आहे, ते कळलं की पुढचं ठरवणं सोपं जाईल.