पत्रातला ‘पर्यंत’ आणि पगाराचे बाराशे रुपये

आज एका पत्राची गोष्ट सांगते. आपले गट आता मसाला, पापड, शेवयांचे उद्योग चालवतात, तिथे पगारी माणूस ठेवतात. माणूस ठेवताना आपण पत्र देतो. कोणी त्याला नेमणूक पत्र म्हणतं, कोणी ऑफर लेटर. आमच्या ग्रामसंघाने मसाला केंद्रासाठी हिशेब लिहायला शेजारच्या गावची एक मुलगी घेतली, तेव्हा पत्र मीच लिहिलं होतं. त्यातली चार वाक्यं अशी होती:

“आपणास दरमहा १२,००० रुपयांपर्यंत मानधन देण्यात येईल. आपण लवकरात लवकर रुजू व्हावे. काही महिने काम पाहून कायम करण्यात येईल. काम सोडताना पूर्वसूचना द्यावी, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.”

वाचायला पत्र कसं भारदस्त वाटतं! सगळ्यांनी सह्या केल्या. घोळ झाला तो पहिल्या पगाराला.

ती मुलगी जून २०२५ मध्ये रुजू झाली, ९ तारखेला, सोमवारी. आम्ही २ तारखेपासून तिची वाट बघत होतो, आणि तिला वाटत होतं की आधीच्या शिकवणीचं काम सोपवून जायला आठवडा चालेल. ‘लवकरात लवकर’चा अर्थ तिचा वेगळा, आमचा वेगळा. महिना संपल्यावर कोषाध्यक्ष ताईंनी हिशेब मांडला. १२,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाला ४०० रुपये. ९ ते ३० जून हे २२ दिवस, त्यातून तीन रविवार वजा, राहिले १९. म्हणून ७,६०० रुपये. मुलीने २२ दिवस धरले होते, म्हणजे ८,८००. तिचं म्हणणं, महिन्याचा पगार ३० ने भागला तर रविवार त्यात आलेच, मग पुन्हा का वजा करता? तिचं बरोबर होतं. पण ताईंनीही लबाडी केली नव्हती. पत्र गप्प होतं, म्हणून प्रत्येकीने आपल्या पद्धतीने बोटं मोजली. बाराशे रुपये आम्ही दिले, पण महिनाभर दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

मग आम्ही पत्र नव्याने लिहायला बसलो. सगळ्यात आधी सापडला तो ‘पर्यंत’ हा शब्द. ‘१२,००० पर्यंत’ म्हटलं की ९,००० दिले तरी वाक्य खोटं ठरत नाही. ‘ऑगस्टपर्यंत’ म्हटलं की ऑगस्ट धरायचा की जुलै संपला की थांबायचं, हे कळत नाही. म्हणून रकमेपुढे ‘पर्यंत’, ‘साधारण’, ‘अंदाजे’ लिहायचं नाही, आणि तारखेपुढे लिहायचं तर ‘३१ ऑगस्टअखेर’ असं पूर्ण लिहायचं.

दुसरा सापडला ‘करण्यात येईल’. कोण करणार? अध्यक्ष, की ग्रामसंघाची बैठक? कधी? या शब्दांआड करणारी व्यक्ती लपते. तिथे सरळ ‘ग्रामसंघ देईल’, ‘तुम्ही द्याल’ लिहिलं की प्रश्नच उरत नाही. शिवाय ‘मानधन’ हा शब्द काढून ‘पगार’ लिहिला, कारण रोज ठरलेल्या वेळी काम करणाऱ्या बाईला आपण मान म्हणून काही देत नाही, तिच्या कामाचं देतो.

आता पत्रात गोडवा कुठे ठेवायचा? आम्ही ठरवलं, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत मोकळेपणाने. मधल्या चार अटींत गोडवाही नको आणि धमकीही नको. ‘अन्यथा कारवाई’ने कोणी थांबत नाही, पहिल्याच दिवशी मन मात्र उडतं. त्याऐवजी अट दोन्ही बाजूंना सारखी ठेवली की पत्र आपोआप आपुलकीचं होतं. पुढच्या नेमणुकीसाठी तयार केलेलं पत्र ऐका:

“तुमच्याशी बोलून आम्हाला आनंद झाला. मसाला केंद्राचा हिशेब तुम्ही सांभाळावा अशी आमची इच्छा आहे. आपल्यात ठरलेल्या गोष्टी खाली लिहीत आहोत.

पगार: महिन्याला १२,००० रुपये. साप्ताहिक सुटीचा रविवार या पगारात धरलेला आहे. अपुऱ्या महिन्याचा पगार दिवसाला ४०० रुपयांप्रमाणे, रविवार धरून मोजू. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपूर्वी तुमच्या बँक खात्यात जमा करू.

रुजू होण्याचा दिवस: सोमवार, १ जून २०२६, सकाळी १० वाजता, मसाला केंद्रावर. हा दिवस जमणार नसेल तर २५ मेपूर्वी कळवा, आपण दुसरा दिवस ठरवून तो लिहून घेऊ.

चाचणी काळ: १ जून ते ३१ ऑगस्ट २०२६, दोन्ही दिवस धरून. या काळातही पगार पूर्ण मिळेल. काम कसं चाललं आहे हे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकत्र बसून बोलू. हा काळ वाढवायचा असेल तर ग्रामसंघ ३१ ऑगस्टपूर्वी कारणासह लेखी कळवेल. तो एकदाच, ३१ ऑक्टोबरअखेर वाढवता येईल. तसं पत्र आलं नाही तर १ सप्टेंबरपासून तुम्ही कायम आहात.

पूर्वसूचना: चाचणी काळात ७ दिवस, कायम झाल्यावर ३० दिवस. तुम्ही सोडा किंवा ग्रामसंघ थांबवो, मुदत सारखीच. सूचना लेखी द्यायची, आणि ती मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस मोजायचे.

काही समजलं नाही तर सही करण्याआधी जरूर विचारा. तुमची वाट पाहत आहोत.”

शेवटच्या अटीत ‘एक महिना’ न लिहिता ‘३० दिवस’ का? कारण महिना कधी २८ दिवसांचा, कधी ३१ चा. समजा १० नोव्हेंबरला सूचना हातात मिळाली. मोजणी ११ पासून, नोव्हेंबरचे २० दिवस आणि डिसेंबरचे १०. शेवटचा दिवस १० डिसेंबर. कोणीही मोजलं तरी हाच दिवस निघतो.

चाचणी काळाचं शेवटचं वाक्य आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वादाचं ठरलं. ‘आपोआप कायम’ कशाला, असं काहींचं म्हणणं. पण ते नसेल तर आपण बैठक विसरतो, आणि ती बाई वर्षभर ‘मी आहे की नाही’ या चिंतेत राहते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. पत्रात दोघींनी सही केली म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पगार चालत नाही. त्या कामाचा चालू दर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून मगच आकडा लिहा. माणसं वाढली की भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी विमा लागू होतो का, तेही तिथे विचारा. ती कपात असेल तर हातात किती पडेल ते वेगळं लिहा.

पत्र झालं की एक परीक्षा घ्या. बैठकीला नसलेल्या एका मैत्रिणीला ते वाचायला द्या आणि विचारा: पहिल्या महिन्याला किती रुपये, कोणत्या दिवशी यायचं, चाचणी कधी संपते, आज सूचना दिली तर शेवटचा दिवस कोणता? चारही उत्तरं तिने कोणाला न विचारता सांगितली तर दोन प्रती काढा, दोन्हींवर दोन्हीकडच्या सह्या घ्या, आणि एक प्रत त्या बाईच्या हातात द्या. आमच्या पहिल्या पत्राची प्रत तिच्याकडे नव्हतीच, तीही चूक आमचीच.