बेडकाचा फोटो कसा वाचावा?

पावसाळ्यात आंबोली, भीमाशंकर, कोयना किंवा मोल्लेमच्या जंगलात रात्री फिरून आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये बेडकांचे दहा-वीस फोटो हमखास असतात. त्यातला पानावर बसलेला प्रत्येक बेडूक ‘झाडबेडूक’ ठरतो आणि जमिनीवरचा जाड बेडूक भेक म्हणजेच टोड समजला जातो. बेडूक कुठे बसला होता यावरून आपण त्याला नाव देतो, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. पावसाच्या रात्री बेडूक कुठेही सापडतो. झाडबेडूक अंडी घालायला पाण्याकडे येतात, झुडूपबेडूक गवतात उतरतात आणि जमीन उकरून राहणारे काही बेडूक चक्क झाडाच्या खोडावर चढतात. म्हणून जागा बाजूला ठेवून शरीराकडे पाहावं. बोटं, कातडी आणि डोळा, याच क्रमाने पाहिलं तर बहुतेक फोटोंतल्या बेडकाचा गट ठरवता येतो.

सुरुवात पुढच्या पायाच्या बोटांपासून करू. झाडबेडूक आणि झुडूपबेडूक एकाच कुळातले. दोघांच्याही बोटांच्या टोकाला गोल, चपटी चकती असते. ती बोटापेक्षा स्पष्टपणे रुंद दिसते आणि तिच्या कडेने एक बारीक खाच फिरते. बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असल्याने टोकाशी आणखी एक बाक मिळतो. त्यामुळे बोट कसंही वळलं तरी चकती पानावर सपाट टेकलेली राहते. बाजूने काढलेल्या चांगल्या फोटोत हा बाक ओळखू येतो.

आता दोन्ही गटांतला फरक. आपल्याकडचा सर्वांत परिचित झाडबेडूक म्हणजे घराच्या न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीवर किंवा खिडकीच्या काचेवर दिसणारा तपकिरी बेडूक. शास्त्रात त्याला पॉलिपीडेटिस मॅक्युलेटस म्हणतात. पूर्ण वाढलेला हा बेडूक पाच ते आठ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या पुढच्या बोटांमध्ये पडदा जवळजवळ नसतो, मागच्या बोटांमध्ये मात्र तो भरपूर असतो. आंबोलीचा प्रसिद्ध मलबारी उडता बेडूक याच गटातला. त्याच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पायांच्या बोटांमध्ये मोठे लालसर पडदे असतात. पाठ हिरवी आणि पडदे लाल दिसले की महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तरी दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही.

झुडूपबेडूक बरेच लहान. महाराष्ट्रातल्या बहुतेक जाती दोन ते साडेतीन सेंटिमीटरच्या आतल्या आहेत. पुढच्या बोटांत पडदा नसतो आणि मागच्या बोटांतही तो तोकडा असतो. अंगाच्या मानाने चकत्या मात्र चांगल्या ठळक दिसतात. या गटाच्या आयुष्यक्रमातही मोठा फरक आहे. झाडबेडूक पाण्यावर किंवा पाण्याच्या काठी फेसाचं घरटं करतात आणि त्यातून निघालेले बेडूकमासे पाण्यात वाढतात. झुडूपबेडकांत पाण्यात पोहणारा बेडूकमासा नसतोच. अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. म्हणूनच डबक्यापासून दूर, बांधावरच्या झुडपातही ते आरामात राहतात.

जमीन उकरणाऱ्या बेडकांची बोटं याहून वेगळी असतात. आपल्या माळरानांवर पहिल्या पावसानंतर दिसणारा गोलमटोल, आखूड तोंडाचा बेडूक स्फेरोथिका या गटातला. त्याच्या बोटांची टोकं साधी आणि बोथट असतात, चकती नसते. त्याची खरी खूण मागच्या पायाच्या तळव्यावर, टाचेजवळ असते. तिथे आतल्या बाजूला एक कठीण, कडेला धारदार असा उंचवटा असतो, जवळजवळ आतल्या बोटाइतका लांब. खुरप्यासारखं त्याचं काम चालतं. बेडूक मागचे पाय आळीपाळीने हलवत माती बाजूला सारतो आणि मागे मागे सरकत जमिनीत शिरतो. वरून काढलेल्या फोटोत हा उंचवटा दिसत नाही. तो टिपायचा तर कॅमेरा जमिनीलगत नेऊन मागून किंवा बाजूने फोटो घ्यावा लागतो. हा बेडूक भेक नव्हे याचीही एक सोपी खूण आहे. भेकाच्या डोळ्यामागे खांद्यावर फुगीर, लांबट ग्रंथी असते. स्फेरोथिकाला ती नसते.

चकती दिसली की बेडूक झाडाचा, असा नियम मात्र करता येत नाही. याला दोन अपवाद लक्षात ठेवावेत. युपेरोडॉन गटातले काही बेडूक जमीन उकरतात आणि झाडांच्या ढोलीतही राहतात. त्यांच्यापैकी काहींच्या पुढच्या बोटांची टोकं रुंद, आडवी कापल्यासारखी असतात. पण ती गोल चकती नव्हे, आणि त्याच बेडकाच्या मागच्या बोटांची टोकं तेवढी रुंद नसतात. शिवाय डोकं लहान, तोंड अरुंद आणि अंग फुगीर. दुसरा अपवाद ओढ्याकाठच्या खडकांवर उड्या मारणाऱ्या इंडिराना गटातल्या बेडकांचा. त्यांनाही चकत्या असतात, पण पाठीवर लांबीच्या दिशेने कातडीच्या घड्या दिसतात. झाडबेडकाच्या पाठीवर अशा घड्या नसतात.

कातडीचा उपयोग दुसऱ्या पायरीवर. तपकिरी झाडबेडकाची पाठ गुळगुळीत असते. पोट आणि मांडीचा खालचा भाग मात्र दाणेदार असतो. काचेवर चिकटलेल्या बेडकाचा फोटो पलीकडून घेतला तर हे दाणे स्वच्छ दिसतात. मांडीच्या मागच्या बाजूला गडद रंगावर पिवळसर ठिपके असतील तर ओळख आणखी पक्की होते. झुडूपबेडकांच्या पाठीवर अनेकदा बारीक खरखरीतपणा किंवा टोकदार दाणे असतात, पण जातीनुसार आणि व्यक्तीनुसार त्यात फरक पडतो. रंगावर तर अजिबात विसंबू नये. एकाच जातीचे झुडूपबेडूक एकाच झुडपावर पिवळट, तपकिरी, राखाडी आणि पट्ट्यापट्ट्यांचे सापडतात. झाडबेडूकही दिवसा फिकट आणि रात्री गडद होऊ शकतो.

डोळ्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. पाश्चात्त्य देशांतल्या पुस्तकांत जमीन उकरणाऱ्या बेडकांच्या डोळ्याची बाहुली उभी असते असं वाचायला मिळतं. तिथल्या काही जातींबाबत ते खरं आहे, पण तो नियम आपल्याकडे लावता येत नाही. आपले झाडबेडूक, झुडूपबेडूक आणि स्फेरोथिका या तिघांचीही बाहुली आडवी असते. त्यातही रात्रीच्या अंधारात ती इतकी पसरते की गोल वाटते, आणि टॉर्चचा प्रखर झोत पडला की आक्रसून आडवी फट होते. एकाच बेडकाच्या लागोपाठ काढलेल्या दोन फोटोंत बाहुली वेगळी दिसू शकते. त्यामुळे या तिघांना वेगळं करायला बाहुली कामाची नाही. ती उपयोगी पडते ती रात्रबेडूक ओळखायला. ओढ्यावर झुकलेल्या पानावर बसलेला, चकत्या असलेला बॉम्बे नाइट फ्रॉग पाहून झाडबेडकाचा भास होतो, पण त्याच्या बाहुलीचा आकार चौकटच्या पानावरच्या चिन्हाशी जुळतो.

बाहुलीपेक्षा डोळ्याची जागा आणि मोठेपणा जास्त सांगून जातो. झाडबेडकाचे डोळे मोठे आणि बाजूंना असतात. वरून पाहिलं तर ते डोक्याच्या कडेबाहेर डोकावतात. स्फेरोथिकाचे डोळेही ठळक असतात, पण डोकं आखूड आणि रुंद असल्यामुळे ते वरच्या बाजूला आल्यासारखे दिसतात. युपेरोडॉनचे डोळे अंगाच्या मानाने लहान असतात. डोळ्यामागचं कर्णपटलही त्याच नजरेत पाहून घ्यावं. पॉलिपीडेटिसमध्ये ही गोल चकती स्पष्ट आणि डोळ्याच्या निम्म्याहून मोठी असते. बऱ्याच झुडूपबेडकांत ती लहान आणि अस्पष्ट असते, तर युपेरोडॉनमध्ये कातडीखाली झाकलेली असते.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, सप्टेंबरच्या अखेरीस आंबोलीत काढलेला फोटो आहे. करवंदाच्या पानावर तपकिरी बेडूक बसला आहे आणि त्याची लांबी पानाच्या साधारण निम्मी आहे, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर. चकत्या स्पष्ट आहेत, पुढच्या बोटांत पडदा नाही. इथवर पाहून कुणीही ‘झुडूपबेडूक’ म्हणेल. पण पुढे पाहू. मागच्या बोटांमध्ये पडदा अर्ध्याहून बराच वर गेलेला आहे. पाठ गुळगुळीत आहे. डोळ्यामागे मोठं, नेमकं कर्णपटल आहे आणि त्याच्यावरून खांद्याकडे कातडीची घडी गेली आहे. पाय लांब आणि सडपातळ आहेत. ही सगळी लक्षणं पॉलिपीडेटिसची आहेत. मग आकार इतका लहान का? याचं उत्तर तारखेत आहे. जूनमध्ये फेसाच्या घरट्यात घातलेल्या अंड्यांतून निघालेले बेडूकमासे पावसाळ्याच्या उत्तरार्धात बेडूक होऊन पाण्याबाहेर येतात. म्हणजे हा झाडबेडकाचं पिल्लू आहे. मांडीवर पिवळे ठिपके नसले तरी बिघडत नाही, लहान वयात ते उमटलेले नसू शकतात. हाच बेडूक गळ्याची पिशवी फुगवून ओरडत असता तर तो पिल्लू नव्हे, प्रौढ नर ठरला असता, आणि मग झुडूपबेडूक हेच उत्तर बरोबर आलं असतं.

फोटोवरून गट ठरतो, जात ठरेलच असं नाही. पुण्यातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेमंत घाटे यांचं नाव दिलेला राऑर्चेस्टिस घाटेई हा झुडूपबेडूक 2013 मध्ये महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून नवी जात म्हणून नोंदला गेला. माळरानांवरच्या ज्या स्फेरोथिकांना आपण एकाच जुन्या नावाने ओळखत होतो, त्यांच्यातून 2017 मध्ये स्फेरोथिका पश्चिमा वेगळी निघाली. अशा जाती वेगळ्या करायला मोजमापं, आवाज आणि डीएनए लागतात. म्हणून फोटोखाली ‘झुडूपबेडूक, जात अनिश्चित’ असं लिहिणं हीच प्रामाणिक आणि अभ्यासकांच्या उपयोगाची नोंद आहे.

पुढच्या वेळी बेडूक दिसला की तीन फोटो घ्या. एक बाजूने, डोळा आणि कर्णपटल दिसेल असा. दुसरा पुढच्या बोटांच्या टोकांचा. तिसरा मागच्या पायाचा, पडदा आणि टाच दिसेल असा. सोबत तारीख, ठिकाण, जमिनीपासूनची उंची आणि अंदाजे लांबी लिहा, आणि ओरडत असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. मात्र बेडकाला हातात घेऊ नका. त्याची कातडी पातळ असते आणि पाण्याबरोबर आपल्या हातावरचं मलम किंवा डास पळवायचं औषधही शोषून घेते. टाच दिसली नाही तर फोटो अपुरा राहू द्या, पण बेडकाला उलटवू नका.