खुणांची सूची हरवलेला चार्ट

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर ‘ओल्ड शेल’ नावाची लाटांची जुनी वीण आहे. तिचा चार्ट अठरा चौकटी रुंद आणि चार ओळी उंच असतो. खुणांची सूची हरवली, तरी हा चार्ट वाचून त्याच्या लेखी सूचना तयार करता येतात.

चार्टमध्ये विणीची सुलटी बाजू दिसते. तो खालून वर वाचायचा. सुलट्या बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि उलट्या बाजूच्या डावीकडून उजवीकडे. पहिल्या दोन ओळी रिकाम्या, तिसरीत तिरप्या रेघा आणि गोल, चौथीत नुसते ठिपके. रिकामी चौकट म्हणजे समोरून सुलट दिसणारा टाका, ठिपका म्हणजे समोरून उलट दिसणारा.

खरे काम तिसऱ्या ओळीत आहे. उजवीकडून तीन रेघा, मग गोल आणि रिकामी चौकट अशा सहा जोड्या, शेवटी पुन्हा तीन रेघा. रेघ म्हणजे दोन टाके एकत्र विणणे आणि गोल म्हणजे लोकर सुईवर घेऊन जाळी करणे, असे धरले की सहा टाके कमी होतात, सहा वाढतात आणि ओळ अठरावरच राहते. मात्र हा हिशेब पुरेसा पुरावा नाही: रेघ आणि गोल यांचे अर्थ उलटे धरले तरी बेरीज जुळतेच. पण मग लागोपाठ तीन वेढे घ्यावे लागतील आणि तिथे एकच मोठे भोक पडेल. त्यामुळे पहिला अर्थच खरा. गोलाचा आकारही भोकासारखा आहेच.

मग सूचना अशा होतात. पहिली ओळ: सर्व सुलट. दुसरी: सर्व उलट. तिसरी: (२ टाके एकत्र सुलट) ३ वेळा, (लोकर सुईवर, १ सुलट) ६ वेळा, (२ टाके एकत्र सुलट) ३ वेळा. चौथी: सर्व सुलट.

फसगत होते ती दुसऱ्या आणि चौथ्या ओळींत. या ओळी मागच्या बाजूने विणल्या जातात; समोर सुलट दिसायला मागून उलट आणि समोर उलट दिसायला मागून सुलट विणावे लागते. खुणा जशाच्या तशा उतरवल्या, तर दुसरी ओळ सुलट आणि चौथी उलट लिहिली जाते. टाके मोजून ही चूक कधीच सापडत नाही. सापडते ती नमुन्यात: जाळीच्या लगेच वर यायला हवी असलेली आडवी उठावदार रेघ जाळीच्या खाली उमटते. म्हणून ३६ टाके घालून, म्हणजे वीण दोनदा घेऊन, आठ ओळींचा तुकडा विणून पाहावा.

टोपीसारखी गोल विणायची वस्तू असेल, तर प्रत्येक फेरी समोरूनच आणि उजवीकडूनच वाचायची. तिथे दुसरी फेरी सुलट आणि चौथी उलट लिहिणे हेच बरोबर ठरते.